प्रश्नपत्रिका छपाईला जाण्याआधी तपासताना नेमके काय बघायचे?

अनुपमा_ध

सहकारी प्राश्निकाने काढलेली विज्ञानाची प्रश्नपत्रिका माझ्याकडे तपासायला आली आहे. ४० गुण, दोन तास. पाच घटक आणि ठरलेला भारांश असा: प्रकाश १०, विद्युतधारा १०, उष्णता ८, ध्वनी ६, गुरुत्वाकर्षण ६.

प्रश्नपत्रिकेचा साचा:

प्र. १ – एक गुणाचे आठ, सगळे सोडवायचे. (प्रकाश २, विद्युत २, उष्णता २, ध्वनी १, गुरुत्व १)
प्र. २ – दोन गुणांचे, सहापैकी कोणतेही चार. (प्रकाश १, विद्युत १, उष्णता १, ध्वनी २, गुरुत्व १)
प्र. ३ – तीन गुणांचे, सहापैकी कोणतेही चार. (प्रकाश २, विद्युत २, उष्णता १, ध्वनी १)
प्र. ४ – सहा गुणांचे, तीनपैकी कोणतेही दोन. (विद्युत १, उष्णता १, गुरुत्व १)

छापील गुण ५६ होतात, सोडवायचे ४०. छापील गुणांची घटकवार बेरीज केली तर प्रकाश १०, विद्युत १६, उष्णता १३, ध्वनी ८, गुरुत्व ९ येते. ५६ च्या प्रमाणात भारांश वाढवला तर प्रकाशाला १४ हवेत, म्हणजे तिथे ४ कमी पडतात. बाकीचे घटक एक-दोन गुणांच्या फरकाने जुळतात.

प्रकाश दुरुस्त केला की अभ्यासक्रमाची बाजू झाली असे समजू का? काठिण्यपातळी आणि प्रश्नांची भाषा कशी तपासता, तेही सांगा. नुसते वाचून मला सगळेच प्रश्न ठीक वाटत आहेत, आणि त्याचीच काळजी वाटते.

सुधीर_मास्तर

ताई, तुमचे अर्धे काम झालेच आहे. संविधान तक्ता जुळला की अभ्यासक्रमाचा प्रश्न मिटतो. प्र. ४ मधला विद्युतधारेचा सहा गुणांचा प्रश्न काढा आणि तिथे प्रकाशाचा घाला. प्रकाश १६, विद्युत १० होईल. थोडे इकडे-तिकडे झाले तरी दोन्ही घटक मोठेच आहेत, चालते.

बाराखडी

पेपर तपासणीबद्दल धागा निघाला ते बरे झाले. गुणांची बेरीज चुकणे आणि आतल्या पानावरचे उत्तर तपासायचे राहून जाणे, या दोन गोष्टी सगळ्यात जास्त होतात. पुरवणीची पाने मोजून मुखपृष्ठावर आकडा लिहायला लावा. दुसऱ्या शिक्षकाने फक्त बेरीज पाहायची, गुण बदलायचे नाहीत.

अनुपमा_ध

बाराखडी, उत्तरपत्रिका नव्हे, प्रश्नपत्रिका. परीक्षा अजून व्हायची आहे.

खडू_फळा

सुधीर सर, तक्ता जुळला तरी अभ्यासक्रमाचा प्रश्न मिटत नाही. इथे तर मुळीच नाही. तक्ता सांगतो की प्राश्निकाने काय छापले. विद्यार्थी काय सोडवणार ते तो सांगत नाही, कारण मध्ये ‘कोणतेही चार’ आहे.

त्यासाठी उलटा हिशोब करावा लागतो. एखाद्या विद्यार्थ्याने अमुक घटक उघडलेच नाहीत असे धरायचे आणि त्याला जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात ते काढायचे. अनुपमाताईंच्या प्रश्नपत्रिकेत प्रकाश आणि ध्वनी हे दोन घटक सोडून बघू. दोन्हींचा मिळून भारांश १६, म्हणजे अभ्यासक्रमाचा ४० टक्के भाग.

प्र. १ मध्ये त्याचे तीन गुण जातात, पाच मिळतात. प्र. २ मध्ये विद्युत, उष्णता आणि गुरुत्व यांचे तीन प्रश्न त्याला येतात, त्याचे सहा. प्र. ३ मध्ये विद्युतचे दोन आणि उष्णतेचा एक, त्याचे नऊ. प्र. ४ मध्ये या दोन घटकांचा प्रश्नच नाही, त्यामुळे पूर्ण बारा. एकूण ५ + ६ + ९ + १२ = ३२.

चाळीस टक्के अभ्यासक्रम टाकून देऊनही ४० पैकी ३२ गुण, म्हणजे ८० टक्के. भारांशाप्रमाणे त्याला २४ च्या आसपास मिळायला हवे होते.

आता तुम्ही सुचवलेला बदल करा. प्र. ४ मध्ये विद्युतच्या जागी प्रकाश. आता विद्युत आणि ध्वनी सोडा. प्र. १ मध्ये पाच, प्र. २ मध्ये सहा, प्र. ३ मध्ये प्रकाशाचे दोन आणि उष्णतेचा एक म्हणून नऊ, प्र. ४ मध्ये बारा. पुन्हा ३२ च. भोक बुजले नाही, फक्त दुसऱ्या घटकाखाली सरकले.

सुधीर_मास्तर

आकडे बरोबर आहेत, मान्य. पण परीक्षेआधी मुलांना प्रश्नपत्रिका माहीत नसते. कोणते दोन घटक सोडायचे ते त्याला कसे कळणार?

खडू_फळा

या वर्षी नाही कळणार. पण साचा दरवर्षी तोच राहिला तर ‘सहा गुणांचा प्रश्न ध्वनीवर येत नाही’ हे दुसऱ्या वर्षी सगळ्यांना माहीत असते. आणि साचा कुणाला माहीत नसला तरी अडचण राहतेच. पाचही घटक थोडे थोडे केलेला आणि तीनच घटक पक्के केलेला, हे दोन विद्यार्थी या प्रश्नपत्रिकेत एकाच गुणांवर येऊ शकतात. मग गुणांवरून अभ्यासक्रमाबद्दल काहीच सांगता येत नाही.

मृण्मयी_र

उपाय सोपा आहे. पर्याय घटकांच्या आत ठेवा. ‘कोणतेही दोन’ ऐवजी ‘अ किंवा ब’ आणि दोन्ही एकाच घटकातले. विद्यार्थ्याला निवड मिळते, पण घटक टाळता येत नाही. दुसरे म्हणजे निवडीची ढिलाई कमी करा. सहापैकी चार म्हणजे दोन प्रश्न सोडायची मुभा. पाचपैकी चार केले आणि प्रत्येक घटकाचा एकेक प्रश्न ठेवला, तर जास्तीत जास्त एक घटक सुटतो.

आणि अनुपमा, घटकाच्या खाली उपघटकही बघ. ‘प्रकाश १०’ म्हटले आणि दहाही गुण आरशांवर गेले, तर तक्ता खूश आणि अपवर्तन गायब. प्रत्येक प्रश्नापुढे पुस्तकातला उपघटक पेन्सिलने लिहायचा. दोन प्रश्नांपुढे तोच उपघटक आला की थांबायचे.

अनुपमा_ध

मृण्मयीताई, आत्ताच लिहून पाहिले. प्रकाशाच्या पाच प्रश्नांपैकी चार आरशांवरच आहेत. अपवर्तनावर फक्त एक गुणाचा एक. हे माझ्या लक्षातच आले नसते.

साचा बदलण्याचे उद्या प्राश्निकांशी बोलते. तोवर काठिण्याचे सांगा. त्यांनी प्रत्येक प्रश्नापुढे सोपा, मध्यम, कठीण लिहिले आहे आणि प्रमाण ३०:५०:२० जुळते.

रेघोटी

ज्याने प्रश्न काढला त्याला तो सोपाच वाटतो. त्याने लिहिलेली पातळी बाजूला ठेवा.

मृण्मयी_र

रेघोटीशी सहमत. ती लेबले झाकून दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे लावावीत. आणि ‘सोपा-मध्यम’ असे शब्द न वापरता आकडा लिहावा. जेमतेम उत्तीर्ण होईल असा काठावरचा विद्यार्थी डोळ्यापुढे आणायचा आणि असे शंभर असतील तर किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील, ते लिहायचे. अँगॉफ यांच्या नावाने १९७१ पासून ओळखली जाणारी पद्धत याच अंदाजावर उभी आहे. ती मुळात उत्तीर्णतेची रेषा ठरवण्यासाठी आहे, पण प्रश्नपत्रिका तपासतानाही तिचा फार उपयोग होतो. दोघांनी वेगवेगळे आकडे लिहायचे. एकाने ७० आणि दुसऱ्याने ३५ लिहिले, तर त्या प्रश्नावर बोलायचे. बहुतेक वेळा कळते की दोघांनी प्रश्न वेगवेगळ्या अर्थाने वाचला होता. म्हणजे काठिण्य तपासता तपासता संदिग्धता सापडते.

खडू_फळा

यात एक गोष्ट जोडतो. प्रश्न कठीण आहे तर तो कशामुळे कठीण आहे, हे विचारायचे.

अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर १५ सेमी, वस्तू २० सेमीवर. १/१५ − १/२० = १/६०, प्रतिमा ६० सेमीवर. आता तोच प्रश्न १३ सेमी आणि २२ सेमी घेऊन विचारा. १/१३ − १/२२ = ९/२८६, उत्तर सुमारे ३१.८ सेमी. प्रकाशाचे ज्ञान दोन्हीकडे तितकेच लागते, दुसऱ्यात फक्त आकडेमोड वाढली. हा प्रश्न ‘कठीण’ रकान्यात गेला तर तुम्ही विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत गणिताचा कठीणपणा मोजताय.

याउलट प्रतिध्वनीचा प्रश्न घ्या. वेग ३४० मी/से, प्रतिध्वनी २ सेकंदांनी ऐकू आला, कडा किती दूर? गुणाकार सोपा आहे. पण ध्वनी जाऊन परत येतो म्हणून निम्मे करायचे, हे लक्षात यावे लागते. ६८० लिहिणारा आणि ३४० लिहिणारा यांच्यातला फरक विषयाच्या समजेचा आहे. कठीण प्रश्न असा हवा.

सुधीर_मास्तर

हे पटले. मी आजवर पायऱ्या मोजायचो. एक पायरी सोपा, दोन मध्यम, तीन कठीण.

मृण्मयी_र

पायऱ्या मोजणे चुकीचे नाही सर, पण त्यात ओळखीचा भाग येत नाही. पुस्तकातले सोडवलेले उदाहरण फक्त आकडे बदलून दिले तर तीन पायऱ्यांचा प्रश्नही सोपाच. आणि एकाच पायरीचा प्रश्न अनोळखी आकृतीत दिला की निम्मा वर्ग अडतो.

अनुपमा, प्र. ४ मध्ये आणखी एक गोष्ट तपास. ज्या प्रश्नांमध्ये निवड आहे ते आपसांत तुल्यबळ आहेत का? तिथे एक प्रश्न व्याख्या, नियम आणि आकृतीचा असेल आणि दुसरा तीन टप्प्यांच्या उदाहरणाचा, तर निवड नावापुरतीच उरते. आत्मविश्वास असलेला मुलगा उदाहरणाला हात घालतो आणि वेळ घालवून बसतो. पाठांतरवाला पूर्ण गुण घेऊन जातो.

अनुपमा_ध

अगदी तसेच आहे. गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न नियम लिहा, सूत्र मांडा, दोन उपयोग सांगा. विद्युतचा प्रश्न पूर्ण उदाहरण, एकसर आणि समांतर मिश्र जोडणी.

कावळा_बसला

वेळेचे कुणी बोलले नाही. शिक्षकाने सगळी प्रश्नपत्रिका प्रत्यक्ष कागदावर, पूर्ण उत्तरे लिहून, आकृत्या काढून सोडवायची. मनात नाही. दोन तासांतली दहा मिनिटे वाचनाची आणि दहा शेवटची धरली, तर शंभर मिनिटांत ४० गुण, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटे. सहा गुणांच्या प्रश्नाला पंधरा. शिक्षकाला एकूण साठ मिनिटांपेक्षा जास्त लागले तर मुलांना पुरणार नाही.

अनुपमा_ध

मला सत्तर मिनिटे लागली. उष्णतेच्या सहा गुणांच्या प्रश्नात आकृती, कृती, निरीक्षण आणि वर उदाहरण आहे, तिथेच अठरा गेली.

कावळा_बसला

मग तो प्रश्न सहा गुणांचा नाही. उदाहरण काढून टाका किंवा आकृती प्रश्नातच छापून द्या.

इतिहासवेडा

आमच्या विषयात उदाहरणे नसतात, त्यामुळे काठिण्यपातळीचा वाद वेगळा होतो. पण एक विचारतो. ‘कारणे लिहा’ असा तीन गुणांचा प्रश्न असतो तेव्हा मी संख्या लिहीत नाही. संख्या लिहिली की मुले तीन ओळी खरडतात आणि थांबतात. हे चुकते का?

खडू_फळा

चुकते असे म्हणणार नाही, पण गुणदान कसे करणार ते आधी लिहून बघा. तीन कारणांना एकेक गुण असेल तर संख्या लिहायलाच हवी, नाहीतर पाच कारणे एकेका शब्दात लिहिणारा आणि दोन कारणे सविस्तर लिहिणारा यांचे काय करायचे ते प्रत्येक परीक्षक आपल्या मनाने ठरवतो. तुम्हाला दोन कारणांचे स्पष्टीकरण हवे असेल तर तसे छापा: ‘कोणतीही दोन कारणे स्पष्ट करा’.

इतिहासवेडा

स्पष्टीकरण हवे आहे हे खरे. पण ‘दोन’ छापले की तिसरे कारण जाणणाऱ्याला ते दाखवायची संधी जाते. माझे मन अजून तयार होत नाही.

बाराखडी

आधी मी धागा चुकीचा वाचला, पण इथे माझा मुद्दा लागू पडतोय. गुणदान योजना आणि नमुना उत्तरे प्रश्नपत्रिकेबरोबरच तयार हवीत. उत्तरपत्रिका तपासताना जे वाद होतात त्यांतले बरेचसे प्रश्नाच्या शब्दांमुळेच होतात, आणि तेव्हा प्रश्न बदलता येत नाही. तपासणाऱ्याने प्राश्निकाची उत्तरे न बघता आपली उत्तरे लिहायची आणि मग दोन्ही शेजारी ठेवायची.

खडू_फळा

बाराखडी, हाच संदिग्धता पकडण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. वाचून संदिग्धता सापडत नाही, कारण विषय जाणणारा माणूस गाळलेला शब्द मनात भरून पुढे जातो. अनुपमाताई, शंका वाटणारे दोन-तीन प्रश्न इथे टाका. नुसते ठीक वाटणारेही टाका.

अनुपमा_ध

हे चार घ्या. शब्द थोडे बदलले आहेत, पण सांगाडा तोच.

१) गोलीय आरशाचे नाभीय अंतर १५ सेमी आहे. वस्तू आरशासमोर २० सेमी अंतरावर ठेवली, तर प्रतिमा कोठे मिळेल? (३ गुण)
२) ६ ओहमचे दोन रोध समांतर जोडून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले. धारा किती? (२ गुण)
३) २० °C तापमानाच्या २०० ग्रॅम पाण्याचे तापमान ६० °C वाढवण्यास किती उष्णता लागेल? (२ गुण)
४) परिपथातून वाहणारी ____ ॲमीटरने मोजतात. (रोध, विभवांतर, धारा, प्रभार) (१ गुण)

रेघोटी

पहिल्यात आरसा कोणता?

खडू_फळा

रेघोटीने नेमके पकडले. गोलीय आरसा अंतर्वक्रही असतो आणि बहिर्वक्रही. अंतर्वक्र धरला तर प्रतिमा आरशासमोर ६० सेमीवर, वास्तव, उलटी, तिप्पट मोठी. बहिर्वक्र धरला तर १/१५ + १/२० = ७/६०, म्हणजे आरशामागे सुमारे ८.६ सेमीवर, आभासी आणि लहान. दोन्ही उत्तरे पूर्ण बरोबर. प्राश्निकाच्या डोक्यात अंतर्वक्रच होता, म्हणून त्यांना काहीच खटकले नाही. चिन्हांचा संकेत पक्का असलेला हुशार मुलगा ‘१५ धन दिले आहे म्हणजे बहिर्वक्र’ असे म्हणेल आणि नमुना उत्तरात तसे नसेल तर शून्य घेईल. संदिग्ध प्रश्नाचा फटका बहुतेक वेळा असा नीट वाचणाऱ्याला बसतो.

शिवाय ‘कोठे’ विचारले आहे आणि गुण तीन आहेत. अंतराचे दोन आणि स्वरूपाचा एक असेल तर स्वरूप विचारायला हवे. ‘अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर १५ सेमी आहे. वस्तू २० सेमी अंतरावर ठेवली, तर प्रतिमेचे आरशापासूनचे अंतर काढा व तिचे स्वरूप लिहा.’ इतके पुरे.

मृण्मयी_र

दुसऱ्यात ‘धारा किती’ म्हणजे कुठली? परिणामी रोध ३ ओहम, म्हणून बॅटरीतून ४ अँपिअर. प्रत्येक रोधातून २ अँपिअर. ‘परिपथातील एकूण धारा’ किंवा ‘प्रत्येक रोधातून वाहणारी धारा’ असे लिही.

तिसऱ्यात ‘६० °C वाढवण्यास’ म्हणजे साठने की साठपर्यंत? साठने वाढवले तर २०० × ६० = १२,००० कॅलरी. साठपर्यंत नेले तर २०० × ४० = ८,००० कॅलरी. ‘२० °C पासून ६० °C पर्यंत’ लिहिले की वाद संपला. शिवाय उत्तर कॅलरीत की ज्यूलमध्ये, आणि विशिष्ट उष्माधारकता किती घ्यायची, तेही छापून द्यावे.

सुधीर_मास्तर

चौथा तर स्वच्छ आहे. एकच बरोबर उत्तर, धारा.

मृण्मयी_र

उत्तर एकच आहे, पण ते विज्ञान न येताही मिळते सर. ‘वाहणारी’ स्त्रीलिंगी. रोध तो, विभवांतर ते, प्रभार तो. पर्यायांत ‘ती’ एकटी धाराच. मराठीत रिकाम्या जागेच्या आधीचे विशेषण आणि नंतरचे क्रियापद हे दोन्ही नेहमी तपासायचे. ‘ॲमीटरने पुढीलपैकी काय मोजतात?’ असे विचारले की लिंगाचा सुगावा जातो.

सुधीर_मास्तर

वा! हे माझ्या नजरेतून सुटले होते. आता माझ्या जुन्या प्रश्नपेढीतल्या रिकाम्या जागा पुन्हा बघायला घेतो.

कावळा_बसला

अजून एक तपासा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात छापले गेले आहे का? प्र. १ मध्ये ‘समांतर जोडणीत प्रत्येक रोधाच्या टोकांमधील विभवांतर समान असते’ असे चूक की बरोबर विचारायचे, आणि प्र. ३ मध्ये त्याचाच आधार लागणारे ‘कारण द्या’. एकेक प्रश्न सुटा वाचला तर हे कधीच दिसत नाही. सगळी प्रश्नपत्रिका एका बैठकीत वाचावी लागते.

पाटीपेन्सिल

परीक्षेनंतर आकडेवारी काढली की कुठला प्रश्न बिघडलेला होता ते आपोआप कळते. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांपैकी प्रत्येक प्रश्न किती जणांनी बरोबर सोडवला ते बघायचे. वरच्या गटात खालच्यापेक्षा कमी बरोबर आले, तर प्रश्नात किंवा उत्तरसूचीत घोळ आहे. मग आधी एवढा काथ्याकूट कशाला?

खडू_फळा

पद्धत बरोबर आहे, पण ती परीक्षा होऊन गेल्यावरची. ज्या मुलाने आरशाच्या प्रश्नात वीस मिनिटे घालवली त्याला ती परत मिळत नाहीत. आणि चाळीसच्या वर्गात २७ टक्के म्हणजे अकरा-अकरा मुले. तेवढ्यात दोघांचे उत्तर इकडे-तिकडे झाले की चित्र बदलते. तो प्रश्न पुन्हा प्रश्नपेढीत ठेवायचा की नाही, हे ठरवायला आकडेवारी जरूर काढा.

अनुपमा_ध

प्राश्निकांशी बोलणे झाले. त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतले. नवा साचा असा:

प्र. १ – आठ, सगळे सोडवायचे: प्रकाश १, विद्युत १, उष्णता ४, ध्वनी १, गुरुत्व १.
प्र. २ – पाचपैकी चार, प्रत्येक घटकाचा एक.
प्र. ३ – पाचपैकी चार, प्रत्येक घटकाचा एक.
प्र. ४ – दोन प्रश्न, दोन्ही सोडवायचे. पहिला प्रकाशावर ‘अ किंवा ब’, दुसरा विद्युतवर ‘अ किंवा ब’.

खडू_फळा

हिशोब करून पाहिला. पाचपैकी चार म्हणजे प्र. २ आणि प्र. ३ मधून प्रत्येक घटकाला सरासरी चार गुण. त्यात प्र. १ आणि प्र. ४ मिळवले तर प्रकाश ११, विद्युत ११, उष्णता ८, ध्वनी ५, गुरुत्व ५. ठरलेल्या भारांशापासून कुठेही एका गुणापेक्षा जास्त फरक नाही.

प्रकाश आणि ध्वनी सोडणाऱ्याला आता ६ + ६ + ९ + ६ = २७. आधीचे ३२ आणि अपेक्षित २४ यांच्या मधे. निवड ठेवायची तर एवढी फट राहणारच.

मृण्मयी_र

माझा आक्षेप उष्णतेवर आहे. आठपैकी चार गुण एकेका गुणाच्या प्रश्नांत गेले. त्यात आठवण तपासली जाते, आणि त्या घटकात विचार करायला लावणारा प्रश्न फक्त प्र. ३ मध्ये एक उरला, तोही सोडता येतो. गुण जुळले, पण त्या घटकाची काठिण्यपातळी घसरली.

खडू_फळा

एक गुणाचा प्रश्न म्हणजे आठवणीचाच, असे नाही. ‘समान वस्तुमानाच्या लोखंड आणि पाण्याला सारखीच उष्णता दिली, तर कोणाचे तापमान जास्त वाढेल?’ हाही एक गुणाचाच आहे आणि त्याला विचार लागतो.

मृण्मयी_र

तो चांगला आहे, पण दोनच शक्यता असल्याने निम्मी मुले अंदाजाने बरोबर येतील. कारण मागितले तर तो दोन गुणांचा होतो. प्र. ३ मधला उष्णतेचा प्रश्न अनिवार्य करा आणि उरलेल्या चारपैकी तीन सोडवायला सांगा, असे माझे मत.

खडू_फळा

मग सूचना लांबते आणि मुले गोंधळतात. मी एक गुणाचे चार प्रश्न नीट घडवण्याच्या बाजूने आहे.

अनुपमा_ध

दोन्ही मते प्राश्निकांना कळवते, शेवटी त्यांनाच ठरवू दे. चारही प्रश्नांची भाषा दुरुस्त केली. अपवर्तनावर प्र. ३ मध्ये तीन गुणांचा प्रश्न आला. प्र. ४ मधल्या विद्युतच्या दोन्ही पर्यायांत आता अर्धा भाग सिद्धान्त आणि अर्धा उदाहरण आहे. काठावरच्या शंभर मुलांचा आकडा मी ४० आणि ४५ लिहिला, दुसऱ्या शिक्षिकेने ४५ आणि ४५. पूर्ण सोडवायला आता छप्पन्न मिनिटे लागली.

कावळा_बसला

छान. आता टंकलेखनानंतरचे प्रूफ मूळ हस्तलिखिताशी ताडून बघा, स्वतः बघा. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली आणि सिम्बॉल फॉन्ट बदलला की ओहमचे चिन्ह Ω जाऊन तिथे W उमटते, आणि µ च्या जागी m. तुमच्या प्रश्नात ‘६ Ω चे दोन रोध’ ऐवजी ‘६ W चे दोन रोध’ छापले गेले, तर मुले ते सहा वॅट वाचतील आणि १२ व्होल्टवर वेगळेच गणित मांडतील. ओहम हा शब्दच देवनागरीत लिहिला तर हा धोका राहत नाही. आणि आकृती एका पानावर, तिचा प्रश्न पाठीमागच्या पानावर, असे झालेय का तेही बघा. साचा बदलल्यामुळे पाने सरकली असणार.

अनुपमा_ध

प्रूफ उद्या येते आहे. Ω चार ठिकाणी आहे, चारही ठिकाणी ‘ओहम’ करून घेते. उत्तरसूचीतही उपप्रश्नांचे क्रमांक बदलले आहेत, तीही सोबतच ताडून बघते.